खोडायचं नाही, फक्त लिहीत जायचं

क्रोममध्ये एखादी वेबसाइट वाचकाच्या संगणकावर आपली माहिती साठवते, तेव्हा ब्राउझरच्या फोल्डरात आतवर कुठेतरी `000003.log`, `000005.ldb`, `MANIFEST-000001`, `CURRENT` अशा नावांच्या फायली सापडतात. ही लेव्हलडीबीची खूण. गूगलमधल्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी लिहिलेला हा की-व्हॅल्यू स्टोअर २०११ साली सगळ्यांसाठी खुला झाला. बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअरसुद्धा कोणती नाणी अजून खर्च झालेली नाहीत, याची नोंद त्यातच ठेवतं.

त्याची मूळ कामं तीन: एका नावाखाली मजकूर ठेवणं, तो परत देणं आणि तो काढून टाकणं. नाव म्हणजे की, मजकूर म्हणजे व्हॅल्यू. एवढ्याशा कामाला एवढ्या फायली कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर आहे वीज जाण्यात.

समजा, एका किराणा ॲपमध्ये १०७ क्रमांकाच्या ग्राहकाच्या पिशवीत तीन वस्तू आहेत आणि तिथे आता चार लिहायचं आहे. सरळ मार्ग म्हणजे डिस्कवर ‘३’ शोधून त्यावर ‘४’ लिहिणं. पण लिहिता लिहिता वीज गेली, तर जुना आकडा पुसलेला आणि नवा अर्धवट, अशी अवस्था होऊ शकते. शिवाय डिस्कवर इकडे-तिकडे उड्या मारत लिहिणं हे सलग लिहिण्यापेक्षा मंद असतं. लेव्हलडीबी म्हणून लिहिलेल्या ओळीला हातच लावत नाही. दुकानातल्या रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक व्यवहार आधी क्रमाने खाली उतरतो. विषयवार मांडणी नंतर होते.

```
501  put     cart:107  3
502  put     cart:107  4
503  delete  cart:107
```

डावीकडचा आकडा अनुक्रमांक आहे आणि तो फक्त वाढत जातो. एकाच कीच्या दोन नोंदी दिसल्या, तर मोठा अनुक्रमांक खरा. ५०३ क्रमांकाची नोंद बघण्यासारखी आहे. काढून टाकणं हेही इथे लिहिणंच आहे: ‘ही की आता नाही’ अशी खूण तेवढी मागे ठेवली जाते.

५०२ ही नोंद आली की ती पहिल्यांदा लॉग फाइलच्या शेवटी जाते. तिच्या आधी सात बाइटचं डोकं असतं: चार बाइटमध्ये मजकुरावरून गणित करून काढलेला पडताळा-अंक, दोन बाइटमध्ये लांबी आणि एका बाइटमध्ये नोंद अखंड आहे की तुकड्यांत, याची माहिती. हा पडताळा-अंक पुढे फार उपयोगी पडणार आहे. लॉगनंतर तीच नोंद मेमरीतल्या एका क्रमवार यादीत जाते, जिला मेमटेबल म्हणतात. वाचणाऱ्याला ताजं उत्तर इथून पटकन मिळतं. आधी लॉग आणि मग मेमरी, हा क्रम उलटा करून चालत नाही. नाहीतर मेमरीतून कुणीतरी वाचून नेलेला आकडा वीज गेल्यावर कुठेच सापडणार नाही.

मेमटेबल साधारण ४ एमबीला भरतं. तेव्हा ते गोठवलं जातं, नवं मेमटेबल आणि नवी लॉग फाइल सुरू होते आणि गोठवलेलं मेमटेबल कीच्या क्रमाने लावलेल्या एका `.ldb` फाइलीत डिस्कवर उतरतं. ही फाइल पुढे कधीच बदलत नाही. ती नीट उतरली की जुन्या लॉगची गरज संपते.

लिहिणं असं स्वस्त झालं. त्याची उधारी कॉम्पॅक्शन फेडतं. नव्या फायली शून्याव्या स्तरावर साचतात आणि एकच की त्यांतल्या कितीतरी फायलींत असू शकते, म्हणून वाचताना एकेक उघडून पाहावी लागते. अशा चार झाल्या की पार्श्वभूमीला विलीनीकरण सुरू होतं. या फायली आणि खालच्या स्तरावरच्या त्याच पट्ट्यातल्या फायली एकत्र वाचून नव्या, क्रमवार फायली लिहिल्या जातात. ५०१ची नोंद तिथे गळून पडते. पहिल्या स्तराची मर्यादा १० एमबी, दुसऱ्याची १०० आणि पुढे दर स्तराला दहापट.

याचा खर्च लहान नाही. लेव्हलडीबीच्या कागदपत्रांतच हिशेब दिला आहे: २ एमबीची एक फाइल खाली ढकलताना वाईटात वाईट स्थितीत खालच्या बारा फायलींशी गाठ पडते, म्हणजे २६ एमबी वाचायचे आणि २६ एमबी लिहायचे. नोंदी येण्याचा वेग याहून जास्त झाला की शून्यावा स्तर फुगतो. आठ फायली झाल्या की लिहिणाऱ्याला एक मिलिसेकंद थांबवलं जातं आणि बाराला लिहिणं बंदच. ॲप अधूनमधून अडकत असेल, तर त्याच फोल्डरातली `LOG` नावाची फाइल उघडावी. तिथे `Too many L0 files; waiting...` असं दिसलं, तर चोर सापडला.

खरी गोम मात्र त्या ‘की नाही’च्या खुणेत आहे. ५०३ची खूण दुसऱ्या स्तरावर पोचली आणि ५०२ची नोंद अजून तिसऱ्यावर पडून आहे, असं समजा. कॉम्पॅक्शनने जागा वाचवायला ती खूण फेकून दिली, तर पुढच्या वाचनात काढून टाकलेली पिशवी चार वस्तूंसह पुन्हा हजर! म्हणून आणखी खालच्या कुठल्याही स्तरावर ती की नसल्याची खात्री झाल्यावरच खूण टाकली जाते. भरपूर काही पुसूनही डिस्क लगेच रिकामी होत नाही, ती यामुळेच.

आता वीज गेली आणि परत आली. लेव्हलडीबी प्रथम `CURRENT` वाचतो. त्यात फक्त सध्याच्या मॅनिफेस्टचं नाव असतं. मॅनिफेस्ट सांगतो की कोणती फाइल कोणत्या स्तरावर जिवंत आहे. अर्धवट कॉम्पॅक्शनमधल्या फायलींचा त्यात उल्लेखच नसतो, म्हणून त्या कचरा ठरतात. मग उरलेला लॉग पहिल्यापासून वाचून मेमटेबल पुन्हा उभं केलं जातं. शेवटची नोंद लांबीपेक्षा आखूड निघाली, तर लिहिणारा मध्येच गेला असं समजून ती सोडून दिली जाते. मधली एखादी नोंद पडताळा-अंकाशी जुळली नाही, तर ती बिघडलेली. मॅनिफेस्ट बदलतानाही `CURRENT`वर थेट लिहीत नाहीत. नवं नाव तात्पुरत्या फाइलीत लिहून त्या फाइलीचं नाव बदललं जातं.

इतकी काळजी घेऊनही फटी राहतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली लेव्हलडीबी, गिट, पोस्टग्रेस यांच्यासह अकरा सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा फाइलसिस्टीम डिस्कवर गोष्टी अमुक क्रमानेच उतरवते असं गृहीत धरल्यामुळे झालेल्या चुका त्यांना जागोजागी सापडल्या.

आणि सगळ्यात मोठी फट तर सेटिंगमध्येच आहे. लेव्हलडीबीत `sync` हा पर्याय मुळात बंद असतो, म्हणजे ‘लिहिलं’ असं उत्तर मिळतं तेव्हा नोंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती पोचलेली असते, डिस्कवर पोचलेली असेलच असं नाही. फक्त प्रोग्रॅम कोसळला तर काही जात नाही. अख्खं यंत्र बंद पडलं तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. २०१२मध्ये फेसबुकने लेव्हलडीबीवरून घडवायला घेतलेल्या रॉक्सडीबीतही हा पर्याय बंदच येतो. ब्राउझरच्या माहितीला ते चालून जातं. पैशांच्या नोंदी ठेवणाऱ्याने मात्र तो सुरू करून प्रत्येक नोंद थोडी मंद लिहावी.