कोन कुठला, हे आधी विचारा

ब्रॅगचा नियम nλ = 2d sinθ विज्ञानाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतो. तरी प्रतलांमधलं अंतर काढताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते: यंत्राच्या आलेखावर जो कोन दिसतो, तोच θ म्हणून सूत्रात घातला जातो. आलेखाच्या आडव्या अक्षावर 2θ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तरीही!

किरण प्रतलाशी θ कोन करून येतो आणि तेवढाच कोन करून निघतो. म्हणजे मूळ दिशेपासून तो 2θ इतका वळतो. डिटेक्टर हे वळणच मोजतो. त्याचं निम्मं करणं आपलं काम.

साध्या मिठाचं उदाहरण घेऊ. तांब्याचे क्ष-किरण वापरले, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, तर सर्वांत ठळक शिखर ३१.७ अंशांवर येतं. त्याचं निम्मं १५.८५ अंश, त्याची साइन ०.२७३. पहिल्या क्रमासाठी d येतो २.८२ अँगस्ट्रॉम. निम्मं करायचं विसरलात तर येतो १.४७. दोन्ही आकडे वरवर पाहता शक्य वाटतात, म्हणूनच चूक खपून जाते.

ती पकडायला घनता पुरते. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे आयन आलटून पालटून बसतात, दोन शेजाऱ्यांतलं अंतर हाच हा d. म्हणजे d बाजूच्या घनाच्या वाट्याला एक आयन, सरासरीने मिठाच्या एका जोडीच्या वस्तुमानाचा निम्मा भाग. २.८२ घेतल्यावर घनता येते २.१६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, प्रत्यक्षात मोजतात तेवढीच. १.४७ घेतल्यावर येते १५ च्या वर. शिशाची घनता ११.३ आहे, मीठ शिशापेक्षा जड कसं असेल?

दुसरा गोंधळ प्रकाशशास्त्रातून येतो. तिथे आपाती कोन लंबापासून मोजायची सवय लागते, इथे θ प्रतलापासून मोजायचा. या गोंधळाला इतिहासाचाही आधार आहे: लॉरेन्स ब्रॅग यांनी नोव्हेंबर १९१२ मध्ये केंब्रिजला मांडलेल्या मूळ निबंधात कोन लंबापासूनच घेतला होता आणि सूत्रात साइनऐवजी कोसाइन होती. साइनचं रूप त्यानंतर, वडिलांबरोबरच्या कामात आलं. कोन लंबापासून मोजून साइन वापरणं मात्र दोन्ही पद्धतींत चूक.

उरलेले समज थोडक्यात. स्फटिक आरशासारखा हव्या त्या कोनात किरण परतवत नाही. एका तरंगलांबीसाठी ठरावीक कोनांतच शिखर मिळतं. कोन मोठा म्हणजे अंतर मोठं, हेही उलटं आहे. आणि दुसऱ्या क्रमाला कोन दुप्पट होत नाही, त्याची साइन दुप्पट होते: मिठाच्या याच प्रतलांचं पुढचं शिखर ६३.४ अंशांवर नाही, ६६.२ वर शोधायचं.