एकरकमी अंशतः परतफेड : मुदतघट आणि हप्ताघट

गृहकर्जदाराने मध्येच एकरकमी रक्कम भरल्यास दोन पर्याय संभवतात : हप्ता तोच ठेवून मुदत घटविणे किंवा मुदत तीच ठेवून हप्ता घटविणे.

२० लाख रुपयांचे कर्ज, ९ टक्के दर व २० वर्षांची मुदत गृहीत धरल्यास मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पाच वर्षांनंतर १७ लाख ७४ हजार रुपये मुद्दल शिल्लक असते. त्या वेळी २ लाख रुपये भरल्यास पहिल्या पर्यायात उर्वरित १८० हप्ते १४३ वर येतात व सुमारे ४ लाख ६८ हजार रुपये व्याज वाचते. दुसऱ्यात हप्ता १५,९६६ रुपये होतो. व्याजबचत मात्र १ लाख ६५ हजारच.

यावरून मुदतघटच लाभदायक ठरविण्याची घाई होते. वस्तुतः दोन्हींत त्या २ लाखांवरील परतावा ९ टक्केच आहे. मुदतघटीत कर्जदार दरमहा २,०२९ रुपये अधिक भरत राहतो. जादा बचत त्या रकमेची असते. हप्ता घटवूनही तेवढीच रक्कम स्वेच्छेने दरमहा भरल्यास कर्ज त्याच १४३व्या महिन्यात फिटते. अडचणीच्या महिन्यात ती न भरण्याची मुभा मात्र हप्ताघटीतच मिळते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केल्याने हा मार्ग खुला आहे. बँकेने किमान रक्कम ठरविली असल्यास काही महिन्यांची रक्कम एकत्र भरावी लागते.

कोणता पर्याय नोंदला गेला, हे परतफेडीच्या नव्या कोष्टकातील हप्ता व अखेरच्या हप्त्याची तारीख यांवरून कळते.