गेम खेळताना स्क्रीनवरचं चित्र मधूनच का ‘फाटतं’?

गेममधली गाडी वेगात वळण घेते, रस्त्याकडेचा विजेचा खांब स्क्रीनवरून सर्रकन सरकतो आणि क्षणभर तो मधोमध कापल्यासारखा दिसतो. वरचा तुकडा एका जागी, खालचा थोडा बाजूला. पुढच्या क्षणी सगळं ठीक. तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या गेमरने हे नक्की पाहिलं असेल आणि ‘स्क्रीन खराब झाली वाटतं’ किंवा ‘आता नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागणार’ असा विचारही केला असेल.

थांबा. बहुतेक वेळा यात बिघडलेलं काहीच नसतं. कॉम्प्युटर आणि मॉनिटर या दोघांचा ताल जुळत नसतो, इतकंच. या प्रकाराला ‘स्क्रीन टेअरिंग’ म्हणतात आणि त्यावरचा उपाय म्हणजे व्हेरिएबल रिफ्रेश रेट, थोडक्यात व्हीआरआर. मॉनिटरच्या खोक्यावर आणि टीव्हीच्या जाहिरातीत हा शब्द हल्ली सर्रास दिसतो. पैसे मोजण्याआधी तो नेमकं काय करतो ते समजून घेऊया.

दोन घड्याळं, दोन चाली

साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो. म्हणजे तो एका सेकंदात ६० वेळा नवं चित्र दाखवतो. दर १६.७ मिलिसेकंदांनी एक, घड्याळाच्या ठोक्यासारखं. पण हे चित्र एकदम उमटत नाही. मॉनिटर ते वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने भरत जातो.

ग्राफिक्स कार्डाचं मात्र असं ठरलेलं वेळापत्रक नसतं. गेममध्ये मोकळं आकाश असेल तर फ्रेम, म्हणजे एक चित्र, चटकन तयार होते. स्फोट, धूर आणि गर्दी असेल तर तिला जास्त वेळ लागतो.

आता समजा, तुमचं कार्ड दर २० मिलिसेकंदांनी एक फ्रेम तयार करतंय, म्हणजे सेकंदाला ५०. मॉनिटर मात्र १६.७ च्या तालावर चाललाय. विसाव्या मिलिसेकंदाला नवी फ्रेम तयार होते, तेव्हा मॉनिटरने आपली दुसरी फेरी सुरू करून साधारण ३.३ मिलिसेकंद झालेले असतात. त्याने वरचा एक पंचमांश भाग जुन्या फ्रेममधून भरलेला असतो. नवी फ्रेम आली म्हटल्यावर उरलेला भाग तो तिच्यातून भरतो. जिथे जुनं संपून नवं सुरू झालं, तिथे आडवी चीर दिसते.

पुढची फ्रेम चाळिसाव्या मिलिसेकंदाला येते. तोपर्यंत मॉनिटरची तिसरी फेरी ४० टक्के पूर्ण झालेली असते. त्यानंतरची येते तेव्हा ६० टक्के. म्हणजे ती चीर एका जागी न राहता पायरीपायरीने खाली सरकत जाते. गेममध्ये कॅमेरा डावी-उजवीकडे फिरताना खांब, दारं, इमारतींच्या कडा अशा उभ्या गोष्टींवर ती सर्वात जास्त खटकते. स्थिर चित्रात ती दिसतच नाही, कारण जुन्या आणि नव्या फ्रेममध्ये फरकच नसतो.

जुना उपाय: गाडी चुकली तर पुढचीची वाट पाहा

यावरचा जुना उपाय म्हणजे व्ही-सिंक. जवळजवळ प्रत्येक पीसी गेमच्या सेटिंगमध्ये तो सापडतो. त्याचा नियम सोपा आहे: मॉनिटरची फेरी चालू असताना मध्येच फ्रेम बदलायची नाही. फेरी पूर्ण झाली की मगच नवी फ्रेम द्यायची.

हे ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या एसटीसारखं झालं. तुम्ही स्टँडवर दोन मिनिटं उशिरा पोचलात तरी गाडी गेलेली असते, आणि मग पुढच्या गाडीपर्यंत बसून राहा. आपल्या उदाहरणातली फ्रेम २० मिलिसेकंदांना तयार होते, पण १६.७ ची फेरी चुकलेली असते. म्हणून ती ३३.३ पर्यंत ताटकळते. साध्या व्ही-सिंकमध्ये तोवर ग्राफिक्स कार्डही पुढचं काम सुरू करत नाही. परिणाम असा, की सेकंदाला ५० फ्रेम बनवू शकणारं कार्ड स्क्रीनवर ३० फ्रेमच दाखवतं. चीर जाते, पण खेळ अडखळतो. शिवाय बटण दाबणं आणि स्क्रीनवर हालचाल दिसणं यात अंतर पडतं. नेमबाजीच्या गेममध्ये हे अंतर लगेच जाणवतं, म्हणूनच अनेक खेळाडू व्ही-सिंक बंद ठेवून चीर सहन करतात.

नवा उपाय: भरली की सुटणारी जीप

व्हीआरआर हा प्रश्न उलट बाजूने सोडवतो. तो ग्राफिक्स कार्डाला थांबवत नाही, मॉनिटरला थांबवतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मॉनिटर एक छोटा विराम घेतच असतो. व्हीआरआरमध्ये हा विराम लागेल तसा लांबवता येतो. नवी फ्रेम तयार झाली, की त्याच क्षणी पुढची फेरी सुरू.

म्हणजे एसटीऐवजी वडापची जीप. तिला वेळापत्रक नाही, प्रवासी भरले की सुटली. आपल्या उदाहरणात फ्रेम २०, ४०, ६० मिलिसेकंदांना तयार होतात आणि स्क्रीनवरही त्याच वेळी उमटायला लागतात. मॉनिटर तेवढ्यापुरता ५० हर्ट्झचा होतो. पुढची फ्रेम १८ मिलिसेकंदांत आली तर तो ५५ च्या आसपास जातो. फेरीच्या मध्ये फ्रेम बदलत नाही म्हणून चीर नाही, आणि उगाच वाट पाहणं नाही म्हणून अडखळणंही कमी.

एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने हे तंत्र आणलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं हार्डवेअर लागायचं आणि किंमत वाढायची. एएमडीचं फ्रीसिंक त्यानंतर आलं. ते २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्टच्या मानकात आलेल्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकवर आधारलेलं आहे. पुढे एचडीएमआय २.१ मध्ये व्हीआरआरचा समावेश झाला आणि तो टीव्ही व कन्सोलपर्यंत पोचला. नावं वेगळी असली, तरी मूळ कल्पना एकच.

पण जीपवालाही किती थांबणार?

प्रत्येक स्क्रीनची व्हीआरआरची एक हद्द असते. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त वरचा आकडा असतो. खालचा आकडा मात्र शोधावा लागतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. प्लेस्टेशन ५ साठी ही हद्द ४८ ते १२० हर्ट्झ आहे.

गेम ४८ च्या खाली, समजा ४० वर घसरला तर? पीसीवर ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर इथे एक युक्ती वापरतं. तीच फ्रेम दोनदा दाखवून स्क्रीन ८० हर्ट्झवर चालवली जाते. ८० हा आकडा हद्दीत बसतो, म्हणून ताल टिकतो. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा. हद्द ४८ ते ६० एवढीच असेल, तर ४० चे दुप्पट ८० तिथे मावत नाहीत, आणि गेम जड झाला की चीर किंवा अडखळणं परत येतं. अशा स्क्रीनवर व्हीआरआरचं लेबल खरं असतं, उपयोग मात्र तोकडा.

वरच्या टोकालाही तेच. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम सेकंदाला १७० फ्रेम देऊ लागला, तर व्हीआरआरचं काम संपतं. म्हणून जाणकार खेळाडू गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा वरच्या आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवतात, उदाहरणार्थ १४४ साठी १४१.

चालू आहे की नाही, कसं ओळखाल?

पुष्कळदा मॉनिटर नवा असतो, पण सेटिंग जुनंच राहिलेलं असतं. पीसीवर तीन जागा तपासा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत FreeSync किंवा Adaptive-Sync चालू हवं. विंडोजच्या Advanced display मध्ये रिफ्रेश रेट ६० वर अडकलेला नको, मॉनिटरचा पूर्ण आकडा निवडलेला हवा. आणि ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही हा पर्याय चालू हवा.

प्लेस्टेशन ५ वर Settings, मग Screen and Video, मग Video Output आणि तिथे VRR. एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एसवर Settings, General, TV & display options, Video modes आणि Allow variable refresh rate. एक फरक लक्षात ठेवा: एक्सबॉक्स फ्रीसिंकच्या मॉनिटरवरही चालतो, प्लेस्टेशन ५ ला मात्र एचडीएमआयचाच व्हीआरआर लागतो. नुसतं फ्रीसिंक लिहिलेला मॉनिटर प्लेस्टेशनसाठी घेऊन फसू नका. टीव्हीवर बऱ्याचदा गेम मोड चालू करावा लागतो. सगळे एचडीएमआय पोर्टही सारखे नसतात, त्यामुळे केबल कोणत्या पोर्टला लावायची ते टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

मग खात्री करा. अनेक मॉनिटर रिफ्रेश रेटचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवू शकतात. गेम चालू असताना तो आकडा सतत बदलत असेल तर व्हीआरआर काम करतोय. एकाच संख्येवर गोठला असेल तर बहुधा नाही. आकडा दिसत नसेल, तर गेममध्ये एखाद्या दाराच्या चौकटीसमोर उभे राहा आणि कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. चौकट अखंड राहिली पाहिजे.

जे यातून सुटत नाही

गेम मध्येच क्षणभर गोठत असेल, तर तो दोष फ्रेम तयार करण्यातला आहे. जी फ्रेम तयारच नाही, ती कोणताही मॉनिटर दाखवू शकत नाही. काही ओएलईडी आणि व्हीए पॅनेलवर व्हीआरआर चालू असताना अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या वेळी उजेड फडफडल्यासारखा दिसतो. रिफ्रेश रेट झपाट्याने वर-खाली झाला, की अशा पॅनेलची प्रखरता किंचित बदलते. तो बिघाड नव्हे. त्रास वाटला तर तेवढ्या गेमपुरता व्हीआरआर बंद करा, किंवा फ्रेमची मर्यादा अशी ठेवा की आकडा फार हलणार नाही.

आणि तुमच्या घरी टीव्हीवर फक्त मालिका, क्रिकेट आणि सिनेमे चालत असतील, तर या एका गोष्टीसाठी जास्त पैसे मोजू नका. प्रक्षेपणाच्या फ्रेम ठरलेल्या गतीने येतात. तिथे ताल चुकवणारा गेमच नसतो.

घरात कन्सोल असेल किंवा गेमिंगचा पीसी असेल, तर दुकानात एकच प्रश्न विचारा: ‘व्हीआरआरची हद्द किती ते किती?’ विक्रेत्याने फक्त वरचा आकडा सांगितला, तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचा खालचा आकडा पाहा आणि मगच बिल करा.