इटालियन भूतकाळातील रिकाम्या जागा आणि मराठी प्रयोगविचार

इटालियन भाषेच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत ‘पास्सातो प्रॉस्सिमो’ या भूतकाळाचा अभ्यास बहुधा रिकाम्या जागा भरण्याच्या रूपाने येतो. कंसात मूळ धातू दिलेला असतो व विद्यार्थ्याने तेथे दोन पदे लिहावयाची असतात. पहिले सहायक क्रियापद, म्हणजे ‘एस्सेरे’ (असणे) किंवा ‘आवेरे’ (जवळ असणे) यांचे वर्तमानकालीन रूप. दुसरे भूतकालवाचक धातुसाधित. मराठीभाषी विद्यार्थी येथे कोठे अडखळतो व का, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. इटालियन शब्द उच्चारानुसार नागरीत दिले आहेत.

पुढील तीन वाक्ये पाहू. ‘काल मारियाने चिठ्ठी (लिहिणे). मग ती घराबाहेर (पडणे). तिने ती लगेच (धाडणे).’ दुसरी जागा मराठी विद्यार्थी सहज भरतो. ‘बाहेर पडणे’ या अर्थाचा ‘उशीरे’ हा धातू ‘एस्सेरे’ घेतो आणि धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून ‘ए उशीता’. पाओलो असता तर ‘ए उशीतो’ झाले असते. ‘ती पडली, तो पडला’ हा आपला कर्तरी प्रयोगच तेथे भेटतो.

पहिल्या जागी मात्र चूक होते. ‘मारियाने चिठ्ठी लिहिली’ असे मनात योजून विद्यार्थी ‘आ स्क्रित्ता ऊना लेत्तेरा’ असे लिहितो. ‘लेत्तेरा’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा कर्मणी प्रयोगाच्या न्यायाने त्याचे म्हणणे सुसंगतच आहे. पण आजच्या इटालियनमध्ये कर्म मागाहून आले तर धातुसाधित पुल्लिंगी एकवचनात स्थिर राहते. ‘आ स्क्रित्तो ऊना लेत्तेरा’ हेच शुद्ध. आपल्या भावे प्रयोगातील क्रियापदाप्रमाणे ते कोणाचेही ऐकत नाही.

तिसऱ्या जागी तीच कर्मणी बुद्धी उपयोगी पडते. कर्म सर्वनामरूपाने सहायकाच्या आधी आले, म्हणजे ‘लो, ला, ली, ले’ यांपैकी एखादे असले, की धातुसाधित त्याच्याशी जुळते. येथे ‘ला’ (तिला) आणि ‘आ’ यांचा संधी होऊन ‘ला स्पेदीता’ होते. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की पुल्लिंगी ‘लो’ व ‘आ’ यांचा संधीही ‘ला’ असाच होतो. सर्वनामाचे लिंग संधीत लोपते आणि त्याची खूण केवळ धातुसाधिताच्या अंत्य स्वरात उरते. म्हणून ही जागा एकट्या वाक्यावरून भरता येत नाही. ‘ला’ म्हणजे चिठ्ठी की दुसरे काही, हे मागील वाक्यच सांगते.

या विसंगतीचे कारण इतिहासात आहे. लॅटिनमध्ये ‘माझ्यापाशी लिहिलेली चिठ्ठी आहे’ अशा घाटाची रचना होती. तीत धातुसाधित हे चिठ्ठीचे विशेषण होते, तेव्हा त्याचे जुळणे स्वाभाविकच. पुढे ‘जवळ असणे’ हा अर्थ झिजून ‘आवेरे’ निव्वळ सहायक बनले. जुन्या इटालियन गद्यपद्यात मागून येणाऱ्या कर्माशीही जुळणी बरीच आढळते. आज ती पूर्वगामी सर्वनामापुरती सक्तीची उरली आहे. मराठीचा भूतकाळही संस्कृतातील क्त-प्रत्ययान्त धातुसाधितापासूनच आलेला. परंतु आपण ‘तिच्याकडून लिहिलेली’ या वाटेने आलो आणि कर्माशी अन्वय टिकवून धरला.

आता सहायकाची निवड. कर्त्याला ‘ने’ लागत असेल तर ‘आवेरे’, नसेल तर ‘एस्सेरे’, ही युक्ती मराठीभाषकाला सुचते. सकर्मक धातूंच्या बाबतीत ती बव्हंशी लागू पडते. अपवाद आपल्याच बाजूला आहेत. ‘ती इटालियन शिकली’ येथे सकर्मक असूनही ‘ने’ नाही. इटालियनमध्ये मात्र ‘आ इम्पारातो’. अकर्मकांत युक्ती अधिक फसते. ‘ती झोपली’, ‘ती चालली’ यांची रूपे ‘आ दोर्मीतो’, ‘आ काम्मिनातो’ अशी आहेत. चालणे ही गती आहे, म्हणून ‘गतिवाचक धातू एस्सेरे घेतात’ हा पाठ्यपुस्तकी नियमही अपुरा ठरतो. कोठून कोठे गेली हे सांगणारे जाणे, येणे, निघणे, पोहोचणे यांसारखे धातू, तसेच जन्मणे, मरणे, होणे यांसारखे अवस्थांतर दाखविणारे धातू ‘एस्सेरे’कडे जातात, नुसती क्रिया चालू असल्याचे सांगणारे बहुधा ‘आवेरे’कडे. काही धातू दोन्हीकडे असतात. ‘चित्रपट सुरू झाला’ येथे ‘ए कोमिन्चातो’, तर ‘पाओलोने काम सुरू केले’ येथे ‘आ कोमिन्चातो’. मराठीतील ‘होणे’ आणि ‘करणे’ हा भेद येथे अचूक वाट दाखवितो.

उत्तरसूचीविषयी एक मर्यादा सांगितली पाहिजे. सर्वनाम ‘मला, तुला, आम्हांला, तुम्हांला’ या अर्थाचे असेल तर जुळणी ऐच्छिक आहे. ‘मारिया, पाओलोने तुला पाहिले’ येथे ‘ती आ वीस्तो’ व ‘ती आ वीस्ता’ ही दोन्ही रूपे ग्राह्य आहेत. सूचीत एकच छापलेले असले तरी दुसरे लिहिणाऱ्याचे गुण कापणे न्याय्य नव्हे. याउलट ‘आ स्क्रित्ता ऊना लेत्तेरा’ ही आजच्या भाषेत चूकच. पण ती निष्काळजीपणाची नव्हे. ती मराठी व्याकरणाच्या नियमाने घडलेली आहे, आणि सुधारणाऱ्याने तो नियम दाखवूनच ती सुधारावी.