हातात कासरा, बैल नाही

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाट्याच्या पूर्वेला बेल्हे. इथला सोमवारचा बैलबाजार पंचक्रोशीच्याही पलीकडे माहीत आहे. जाणता व्यापारी बैलाचा जबडा उघडून दात बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. मालकाने सांगितलेल्या वयावर तो विसंबत नाही. पुस्तकविक्याची नजरही अशीच लागते, फक्त गिऱ्हाइकाचा जबडा उघडता येत नाही. ही नजर कशी चालते ते दाखवायला एक गोष्ट रचू. त्यातली माणसं काल्पनिक, पुस्तकं मात्र खरी.

बाजाराच्या कडेला एकाने ताडपत्री अंथरली आहे. पुढे पंचांगं, पोथ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. मागे दीड-दोनशे कथा-कादंबऱ्या. दुपार कलताना पन्नाशीचा एक माणूस येतो. पुस्तक उचलतो, मागची बाजू बघतो, ठेवतो. दुसरं उचलतो. दोन पावलं जातो, परत येतो. किंमत एकदाही विचारत नाही. त्याच्या हातात गुंडाळलेला कासरा आहे आणि कासऱ्याला बैल नाही.

विक्रेता लगेच बोलत नाही. स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग विद्यार्थी असताना एका दुकानात त्यांना पुस्तकं चाळू दिली नव्हती. पुढे 1948 मध्ये मुंबईच्या स्ट्रँड सिनेमागृहात त्यांनी स्वतःचा स्टॉल मांडला तो गिऱ्हाइकाला मनसोक्त चाळता यावं म्हणून. चाळणारा माणूस न बोलता बरंच सांगत असतो. हा माणूस जाड पुस्तकं उचलतो, पण उघडत नाही.

“बसा पाहुणं,” विक्रेता पोतं सरकवतो. “शेवटचं कुठलं पुस्तक पुरं केलंत?”

“पुरं? शाळेत असंल. ते कर्णाचं घेतलं होतं मधी. निम्मं झालं.”

“का सोडलं?”

“चांगलं होतं. पण संध्याकाळी दमून आलं की ती भाषा जड जाती.”

कामाचा प्रश्न हाच. ‘कोणता लेखक आवडतो?’ असं विचारलं की माणूस ऐकलेलं एखादं मोठं नाव सांगून मोकळा होतो. कुठे थांबला ते सांगताना मात्र खरं बोलतो. ‘मृत्युंजय’ या माणसाला नावडलं नव्हतं, त्याची अडचण भाषेची आणि जाडीची होती.

आता चुकायच्या दोन जागा. विक्रेत्याची स्वतःची लाडकी कादंबरी ‘कोसला’; ती पुढे करावी असं त्याला वाटतं आणि तो हात आवरतो. दुसरी चूक दयेपोटी होते: उदास दिसला की विनोदी पुस्तक हातात द्यायचं. आज दावणीचं जनावर विकून आलेल्या माणसाला ते टोचेल.

तो मागच्या रांगेतून आनंद यादवांची ‘गोतावळा’ काढतो. 1971 ची कादंबरी. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा ती स्वतः सांगतो. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. पुढे मळ्यात ट्रॅक्टर येतो. विक्रेता यातलं एवढंच सांगतो, “एका गड्याची हाय. जनावरांतला माणूस.” शेवट सांगत नाही, कासऱ्याबद्दलही विचारत नाही. पहिलं पान उघडून पुस्तक हातात देतो आणि शेजारच्या पोराला पंचांग दाखवायला वळतो. समोर कुणी रोखून बघत असलं की वाचणं होत नाही.

एक धोका होताच. कादंबरी कागलकडच्या बोलीत आहे आणि जुन्नरच्या कानाला ते वळण थोडं परकं. ती अडखळवेल की ओढून नेईल, हे सांगून कळत नाही; अर्धं पान वाचूनच कळतं. विक्रेता डोळ्याच्या कोपऱ्यातून माणसाच्या पायांकडे बघतो. मघापासून चाळवणारे पाय थांबले आहेत. मग पान उलटल्याचा आवाज येतो.

“केवढ्याला?” आता किंमत विचारली जाते.

हे कसब मराठीत फुटपाथवरही घडलं आहे. केशवराव कोठावळे गिरगावात फुटपाथवर जुनी पुस्तकं विकत. त्यातून मॅजेस्टिक उभं राहिलं आणि 1964 मध्ये ‘ललित’ मासिक निघालं. पुस्तकांची खबर वाचकाच्या घरी पोचवणारं हे मासिक म्हणजे काउंटरवरच्या गप्पाच टपालाने पाठवल्यासारखं होतं. त्यात समोरच्याचे पाय तेवढे दिसत नाहीत.

पुढच्या सोमवारी तो माणूस आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी आला, मोकळ्या हातांनी.

“असंच आणखी एक द्या.”

विक्रेत्याचा हात आपसूक ‘बनगरवाडी’कडे गेला. मग आठवलं, तिच्या शेवटी दुष्काळात सगळी वाडीच उठून जाते. लागोपाठ दुसरं रिकामं गोठाण कशाला? ती बाजूला ठेवून त्याने शंकर पाटलांचा कथासंग्रह काढला.

“हे पातळ हाय की,” माणूस म्हणाला.

“गोष्टी हायेत. एक वाचा, ठेवून द्या. बनगरवाडी दिवाळीनंतर न्या, बाजूला काढून ठेवतो.”

माणूस पोत्यावर बसला आणि तिथेच वाचायला लागला.