ओढ्याचा ‘एन’ किती धरायचा?

ओढ्यावर मोरी बांधायची असो किंवा गेल्या पावसाळ्यातल्या पुराचा अंदाज काढायचा असो, अभियंत्याचं बरंचसं काम टेप आणि लेव्हल यांवर होऊन जातं. पात्राची रुंदी, पाण्याची खोली, उतार, सगळं मोजता येतं. अडतं ते एका आकड्यापाशी. तळातले गोटे, खचलेले काठ आणि काठावरची झुडपं मिळून पाण्याला किती अडवतात, हे सांगणारा हा आकडा म्हणजे खडबडीतपणाचा गुणांक. तो मोजणारं उपकरण नाही. तो ठरवावा लागतो.

आयर्लंडमधले अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली मांडलेल्या कामातून आज जगभर वापरलं जाणारं सूत्र रूढ झालं:

V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)

यात V हा पाण्याचा सरासरी वेग, S हा उतार. पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले तळ आणि काठ मिळून भिजलेली लांबी, म्हणजे R. आणि n हाच तो गुणांक, ज्याला सगळे ‘मॅनिंगचा एन’ म्हणतात. तो भागाकारात असल्यामुळे त्यातली चूक थेट प्रवाहाच्या आकड्यात उतरते. एन दुप्पट धरला की प्रवाह निम्म्यावर येतो.

समजा, एका ओढ्याचा तळ ६ मीटर रुंद आहे, काठ ४५ अंशांत वर चढतात, उतार दोनशेला एक आहे आणि पुरात पाणी दीड मीटर चढतं. छेदाचं क्षेत्रफळ ११.२५ चौरस मीटर आणि R साधारण १.१ मीटर येतो. इथवर वादाला जागा नाही.

आता एन. अमेरिकेतल्या वुडी कोवन यांनी १९५६ साली सुचवलेली रीत अजूनही उपयोगी पडते, कारण ती एका आकड्याचे तुकडे करून प्रत्येकाचं कारण विचारते. तळ जाड गोट्यांचा आहे, म्हणून मूळ आकडा ०.०२८. काठ जागोजागी थोडे खचले आहेत, म्हणून त्यात ०.००५. पात्र कुठे रुंद, कुठे अरुंद होतं, त्याचे आणखी ०.००५. ओढा फारशी वळणं घेत नाही, म्हणून वळणाचा गुणक एकच राहतो. बेरीज ०.०३८. हा झाला उघड्या पात्राचा एन.

बेरीज बरोबर आहे का, हे गोटेच सांगू शकतात. पात्रात आडवं चालत जायचं आणि न निवडता, बोटाला आधी लागेल तो गोटा उचलायचा. असे शंभर गोटे घेऊन प्रत्येकाची मधली जाडी, म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्यामधलं माप, लिहून ठेवायचं. डोळ्यांनी निवडले तर मोठेच जास्त उचलले जातात, म्हणून नजर दुसरीकडे ठेवायची. मापं चढत्या क्रमाने लावली की चौऱ्याऐंशीव्या गोट्याचं माप महत्त्वाचं, कारण पाण्याला खरा अडथळा मोठ्या गोट्यांचा होतो. ते माप १२ सेंटिमीटर निघालं असं धरू. कॅलिफोर्नियातल्या ओढ्यांवर मोजमापं करून लिमेरिनोस यांनी १९७० साली दिलेल्या सूत्रात हे माप आणि R घातले की एन ०.०३७ येतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ असले की भरवसा वाटतो. मात्र लिमेरिनोस यांच्या सूत्रात झाडोरा नाही. तो वेगळा धरावाच लागतो.

याच सूत्राने आणखी एक गोष्ट दिसते. त्याच ओढ्यात हिवाळ्यात जेमतेम ३० सेंटिमीटर पाणी वाहत असेल तर एन ०.०४८ निघतो. गोटे तेच, पण उथळ पाण्याच्या मानाने ते मोठे ठरतात. म्हणून डिसेंबरात तरंगता लाकडाचा तुकडा सोडून वेग मोजला आणि त्यावरून काढलेला एन पुरासाठी वापरला, तर पुराचा प्रवाह वीस टक्क्यांहून अधिक कमी दाखवला जाईल. ही चूक सहज होते, कारण प्रत्यक्ष मोजून आलेल्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही.

झाडोऱ्याचं गणित याहून अवघड आहे. गवत आणि लव्हाळा खोल, वेगवान पाण्यात आडवे पडतात आणि त्यांचा अडथळा कमी होतो. निर्गुडीसारखं ताठ झुडूप वेगळं वागतं. खाली नुसत्या खोडांमधून पाणी निघून जातं, पण पातळी फांद्यापानांपर्यंत पोचली की अडथळा वाढतो, आणि अडकलेला कचरा त्यात भर घालतो. म्हणून वनस्पतीचं नाव पुरेसं नाही. तिची उंची पाण्याच्या खोलीच्या मानाने किती, ती वाकते का आणि पात्राचा किती भाग तिने व्यापला आहे, हे पाहावं लागतं. पन्नास मीटर रुंद नदीत काठावरच्या एका ओळीने फारसा फरक पडत नाही, सहा मीटरच्या ओढ्यात पडतो.

आपल्या ओढ्याच्या काठांवर आणि मधल्या उंचवट्यावर मध्यम दाट निर्गुडी आहे असं मानून ०.०२० वाढवले, तर एन ०.०५८ होतो. काठ साफ असताना दीड मीटर खोलीला प्रवाह येत होता सेकंदाला सुमारे २२ घनमीटर, म्हणजे ७९० क्युसेकच्या आसपास. झुडपांसह तो साडेचौदा घनमीटरवर उतरतो. पाणी तेवढंच चढलेलं, प्रवाह मात्र एक तृतीयांशाने कमी.

‘सुरक्षित बाजूला राहण्यासाठी’ एन थोडा जास्त धरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. इथेच सर्वांत जास्त सावध राहायला हवं. प्रवाह ठाऊक असेल आणि पातळी काढायची असेल, तर जास्त एन खरोखर सुरक्षित असतो: २२ घनमीटरचा पूर झुडपांच्या ओढ्यात दीडऐवजी सुमारे १.९ मीटर चढतो आणि मोरीची उंची त्याप्रमाणे ठरते. पण काठावरच्या पुराच्या खुणेवरून किती पाणी गेलं असेल ते काढायचं असेल, तर हाच जास्त एन पूर लहान दाखवतो. त्या लहान पुरावर बेतलेली पुढची मोरी अपुरी पडते. प्रश्न उलटला की सुरक्षित बाजूही उलटते. गोट्यांनी आणि झुडपांनी दिलेला आकडाच धरावा आणि खबरदारी वेगळी, उघडपणे मिळवावी, हे बरं.

नजर तयार करण्यासाठी हॅरी बार्न्स यांनी १९६७ साली अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणासाठी केलेलं पुस्तक आजही उघडावं असं आहे. त्यात पन्नास प्रवाहांची रंगीत छायाचित्रं आहेत आणि प्रत्येकाखाली मोजलेल्या प्रवाहावरून काढलेला एन, ०.०२४ पासून ०.०७५ पर्यंत. मात्र एखाद्या छायाचित्राशी किंवा तक्त्यातल्या ‘वळणदार, डोहांचा ओढा’ अशा वर्णनाशी जुळवून आकडा घेतला, तर त्यावर कोवन यांच्या रीतीने वळणाचे आणि डोहांचे आकडे पुन्हा चढवू नयेत. ते त्यात आधीच आलेले असतात.

मोरीच्या हिशेबात शेवटी एकच एन लिहावा लागतो. त्याच्याशेजारी पाण्याची खोली आणि महिना लिहिला, तर तो कशासाठी खरा आहे ते पुढच्या माणसाला कळतं. उन्हाळ्यात काठ साफ करून ०.०३८ वर मोरी बेतली आणि तीन पावसाळ्यांत कुणी कोयता लावला नाही, तर ओढा हळूहळू ०.०५८ कडे सरकत जातो. दरवर्षी साफसफाई कोण करणार, याचं ठोस उत्तर हाताशी नसेल, तर पातळी काढताना मोठाच आकडा धरायचा.