स्वप्नात स्वच्छतागृह सापडत का नाही?

एसटी सुटायला पाच मिनिटे आहेत आणि जोराची लघवी लागली आहे. स्टँडवरच्या पहिल्या स्वच्छतागृहाला कडी नाही, दुसऱ्यात पाणी तुंबलेले, तिसऱ्याला दारच नाही आणि समोर रांग. तेवढ्यात जाग येते. लघवी खरोखरच लागलेली असते!

शोध कशामुळे?
प्रौढांच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. रात्री ती कमी तयार होते, तरी पहाटेपर्यंत मूत्राशय भरत येते. ते ताणल्याचा संदेश झोपेतही मेंदूपर्यंत पोहोचतो. पहाटे स्वप्नेही जास्त पडतात. मग मेंदू तो संदेश स्वप्नातच गुंफतो.

मग जागा का मिळत नाही?
आडोसा नसेल तर थांबायचे, हे लहानपणीच अंगवळणी पडते. ती सवय आणि लाज झोपेतही सुटत नाही, असे मानले जाते. म्हणून स्वप्नात कडी नसते, कुणीतरी पाहत असते. हा अडथळा एका परीने सोयीचाच, कारण तोवर जाग येते. लहान मुलांचा ताबा पक्का नसतो. त्यांना कधीकधी स्वप्नात जागा 'सापडते' आणि अंथरूण ओले होते.

कसे ओळखावे?
जाग आल्यावर लघवी लागलेली नसेल, तर स्वप्नामागे मूत्राशय नसून दिवसभरातला एखादा संकोच असू शकतो. मात्र रोज रात्री दोन-तीनदा उठावे लागत असेल, तर स्वप्नाचा अर्थ शोधत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.